व्ह्यूज कुठून आले, ते आधी बघा

माझा चॅनल शिवणकामाचा आहे. ब्लाउज कटिंग, पेपर पॅटर्न, मुंढ्याचं माप, अस्तर कसं जोडायचं, असे विषय. शिवणक्लास घेणाऱ्या आणि आता स्वतःचा चॅनल चालवणाऱ्या मैत्रिणी फोन करतात तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘ताई, व्हिडिओला इतके व्ह्यूज आले.’ मी लगेच विचारते, ‘कुठून आले?’ बहुतेक जणींनी ते पाहिलेलं नसतं. यूट्यूब ते प्रत्येक व्हिडिओसाठी वेगळं लिहून ठेवतं, आणि माझ्या मते स्टुडिओतल्या सगळ्या आकड्यांत सर्वांत जास्त शिकवणारा आकडा तोच आहे. तो वाचताना माझ्या हाती जे लागलं, ते इथे मांडते आहे.

१. सर्वांत मोठी पट्टी पाहून थांबू नका, शेजारचा वेळ बघा

स्टुडिओत व्हिडिओ उघडून Analytics मध्ये गेलं की Reach या भागात प्रेक्षक कुठून आले ते आडव्या पट्ट्यांत दिसतं. तिथे साधारण ही नावं असतात: Browse features, Suggested videos, YouTube search, External, आणि खाली काही लहानसहान. ही फक्त टक्केवारी आहे. पुढची गोष्ट कळायला तिथलं See more दाबून Advanced mode मध्ये जावं लागतं. तिथे प्रत्येक वाटेसमोर व्ह्यूज, पाहण्याचे एकूण तास आणि एका व्ह्यूमागे सरासरी किती मिनिटं पाहिलं, हे तिन्ही शेजारी शेजारी लावता येतं.

शेजारी शेजारी का, ते एका उदाहरणाने सांगते. कटोरी ब्लाउजचा अठरा मिनिटांचा व्हिडिओ, २८ दिवसांचा हिशोब. समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल धरले आहेत. एकूण व्ह्यूज १२,०००. त्यातले ५,४०० ब्राउझमधून, ३,००० सर्चमधून, १,८०० सजेस्टेडमधून, १,२०० एक्स्टर्नलमधून आणि उरलेले ६०० इकडून तिकडून. एवढंच पाहिलं तर वाटेल, हा व्हिडिओ ब्राउझवर चालला.

आता सरासरी वेळ लावा. ब्राउझमधून आलेली बाई तीन मिनिटं दहा सेकंद थांबली. सर्चमधून आलेली सात मिनिटं चाळीस सेकंद, सजेस्टेडमधली पाच मिनिटं, आणि एक्स्टर्नलमधली एक मिनिट वीस सेकंद. गुणाकार केला की ब्राउझचे २८५ तास होतात आणि सर्चचे सुमारे ३८३. सजेस्टेडचे १५०. एक्स्टर्नलच्या बाराशे व्ह्यूजचे मिळून जेमतेम २७ तास. म्हणजे व्ह्यूज जवळजवळ निम्मे असूनही सर्चने ब्राउझपेक्षा शंभर तास जास्त दिले. चॅनलला जाहिरातींचं उत्पन्न सुरू व्हायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास लागतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या फरकाचं मोल सांगायला नको.

हाच व्हिडिओ ब्राउझवर चालला असं मानून कोणी पुढचे सगळे व्हिडिओ भडक थंबनेलचे केले असते, तर ज्या बायका खरोखर शिकायला येतात त्या बाजूला पडल्या असत्या. म्हणून मी आधी तासांच्या क्रमाने लावते, मग व्ह्यूज बघते.

२. सर्चमध्ये शब्द बघा, आणि प्रत्येक शब्दामागचा वेळही

YouTube search या ओळीवर क्लिक केलं की लोकांनी काय टाइप करून हा व्हिडिओ गाठला, ती यादी उघडते. ही यादी मी सगळ्यांत जास्त वेळ वाचते. तिथे देवनागरीत ‘कटोरी ब्लाउज कटिंग मराठी’ असतं, आणि रोमन लिपीत katori blouse cutting, katori blous cutting 36 size असंही असतं, स्पेलिंगच्या चुकांसकट. आपण शीर्षकात जे सुंदर शब्द घालतो ते तिथे क्वचित दिसतात. बायका साईज टाइप करतात, ‘अस्तरचा’ टाइप करतात, ‘सोपी पद्धत’ टाइप करतात, ‘टक्स’ टाइप करतात.

या यादीत एक बारीक गोष्ट लपलेली असते. वरच्याच उदाहरणात ‘कटोरी ब्लाउज कटिंग’ टाइप करून आलेल्या बायका सरासरी आठ-नऊ मिनिटं थांबल्या. ‘३६ साईज कटोरी ब्लाउज’ टाइप करून आलेल्या मात्र दोन मिनिटांच्या आत गेल्या. त्याच व्हिडिओवर, त्याच सर्चमधून. कारण शोधायला व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला की लगेच कळतं. पावणेदोन मिनिटाला फळ्यावर लिहिलेलं येतं: छाती ३४. जिला ३६ चं कटिंग हवं आहे तिला तिथेच समजतं की हा आपल्या मापाचा नाही. मुंढा किती घ्यायचा, कटोरीची उंची किती वाढवायची, हे तिला स्वतः काढता येत नाही, म्हणून तर ती शोधते आहे. ती जाते, आणि ते बरोबरच आहे.

अशा वेळी व्हिडिओ वाईट आहे असा निष्कर्ष काढू नये. मागणी आपल्या दारापर्यंत आली आहे आणि आपल्याकडे तो माल नाही, एवढाच त्याचा अर्थ. उपाय दोन. एक, ३६ चा वेगळा व्हिडिओ करायचा, शीर्षकात साईज अगदी सुरुवातीला. दोन, तो होईपर्यंत जुन्या व्हिडिओच्या वर्णनात पहिल्या दोन ओळींत स्पष्ट लिहायचं की इथे ३४ साईज दाखवली आहे, ३६ साठी प्रत्येक मापात काय बदल करायचा, आणि ते माप घेण्याचा भाग व्हिडिओत कितव्या मिनिटाला आहे. वेळेचे टप्पे देताना पहिला टप्पा 0:00 पासून सुरू व्हावा लागतो आणि निदान तीन टप्पे लागतात, नाहीतर खाली पट्टीवर विभाग दिसत नाहीत.

या यादीला मर्यादाही आहे. फार थोड्या लोकांनी टाइप केलेले शब्द यूट्यूब दाखवत नाही, त्यामुळे यादीची बेरीज सर्चच्या एकूण व्ह्यूजइतकी भरत नाही. आणि एखाद्या शब्दापुढे पंधरा-वीस व्ह्यूज असतील तर त्याची सरासरी वेळ मनावर घेऊ नये. दोन बायकांनी पूर्ण व्हिडिओ पाहिला तरी ती सरासरी उडी मारते.

सर्चचा आणखी एक स्वभाव आहे, तो महिन्याच्या आलेखात दिसतो. ब्राउझचा आलेख उंच चढतो आणि उतरतो. सर्चचा आलेख सपाट असतो, पण हंगामाला वर सरकतो. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत ब्लाउजचे सगळे शब्द वाढतात. व्हिडिओ सणाच्या आठवड्यात टाकून उपयोग नसतो, कारण कापड त्याआधी कापलं जातं.

३. ब्राउझ वाढलं की सीटीआर पडतो, आणि ते बरेचदा चांगलं लक्षण असतं

कोल्हापूरच्या एका मैत्रिणीचा फोन आला होता. ‘ताई, आधी माझा सीटीआर आठ टक्के होता, आता साडेचारवर आलाय. थंबनेल बदलू का?’ थंबनेल दाखवल्यावर किती जणींनी क्लिक केलं त्याची टक्केवारी म्हणजे सीटीआर. मी तिला म्हटलं, आधी एकूण आकडा सोड, तो वाटेप्रमाणे फोडून बघ.

फोडल्यावर जे दिसलं ते साधारण असं होतं. आधीच्या आठवड्यात थंबनेल १०,००० वेळा दाखवलं गेलं होतं. त्यातले ६,००० सर्चमध्ये, तिथे दहा टक्के क्लिक, म्हणजे ६००. बाकी ४,००० होम स्क्रीनवर, तिथे पाच टक्के, म्हणजे २००. मिळून ८००, आठ टक्के. पुढच्या आठवड्यात सर्चमध्ये काहीच बदललं नाही, तेच ६,००० आणि तेच ६००. पण होमवर थंबनेल ५४,००० वेळा गेलं, आणि तिथे चार टक्क्यांनी क्लिक आले, म्हणजे २,१६०. एकूण व्ह्यूज ८०० वरून २,७६० झाले आणि सीटीआर आठवरून ४.६ वर आला. तिच्या मनात व्हिडिओ पडत होता, प्रत्यक्षात तो साडेतीन पट चालत होता.

असं होतं कारण होमवर कोणी काही मागितलेलं नसतं. सर्चमधली बाई दुकानात येऊन ‘३६ चं अस्तर द्या’ म्हणते, होमवरची रस्त्याने जाताना काचेतून बघते. सुरुवातीला यूट्यूब व्हिडिओ आपल्याला ओळखणाऱ्या, शिवणाचेच व्हिडिओ पाहणाऱ्या लोकांना दाखवतं. तिथे तो बरा चालला की वर्तुळ मोठं होतं आणि ज्यांना शिवणात थोडाच रस आहे त्यांच्यापुढेही जातो. प्रमाण घसरणारच. यूट्यूबने स्वतः सांगितलेला अंदाज असा की निम्म्या चॅनलांचा आणि व्हिडिओंचा सीटीआर दोन ते दहा टक्क्यांत असतो. त्या पट्ट्यात असताना घाबरून थंबनेल बदललं, तर चाललेली गोष्ट आपणच विस्कटतो.

थंबनेल बदलायचं तर कधी? एका वाटेत, समजा होममध्ये, दाखवण्याचं प्रमाण तेवढंच राहिलं आणि तरीही त्याच वाटेचा सीटीआर सलग घसरत गेला, तेव्हा. किंवा सीटीआर भरपूर आणि पाहण्याचा वेळ अगदी कमी असेल, तेव्हा. दुसऱ्या प्रकारात थंबनेलने जे कबूल केलं ते व्हिडिओच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात मिळत नाही. शिवणाच्या व्हिडिओंत हे फार दिसतं. चित्रात तयार ब्लाउज, आणि आत पहिली दोन मिनिटं नमस्कार, चॅनलची ओळख आणि बेल आयकॉन.

ब्राउझच्या ओळीवरही क्लिक करा. आत होम स्क्रीन वेगळी आणि सबस्क्रिप्शन फीड वेगळं दिसतं. दोन्ही ब्राउझच, पण सबस्क्रिप्शनमधून आलेल्या बायका आपल्या नेहमीच्या आहेत. पहिल्या दोन दिवसांचा ब्राउझ बहुतेक त्यांचाच असेल, तर व्हिडिओ नव्या लोकांपर्यंत अजून गेलाच नाही, असं समजावं. बेल दाबलेल्यांना जी सूचना जाते तिची नोंद ब्राउझमध्ये नसते, Notifications अशी तिची वेगळी ओळ असते.

४. सजेस्टेडमध्ये शेजारी कोण आहे ते बघा

Suggested videos म्हणजे दुसऱ्या व्हिडिओच्या शेजारी किंवा तो संपल्यावर आपला व्हिडिओ सुचवला गेला आणि तिथून कोणी आलं. त्यावर क्लिक केलं की त्या व्हिडिओंची नावं येतात. मी ती यादी तीन गटांत पाहते. माझेच इतर व्हिडिओ, शिवणाच्या दुसऱ्या चॅनलांचे व्हिडिओ, आणि ज्यांचा शिवणाशी संबंध नाही असे.

पहिला गट मोठा असेल तर मला सर्वांत बरं वाटतं, कारण तिथे बाई एका धड्यावरून दुसऱ्या धड्यावर आली आहे. व्हिडिओच्या वर्णनात दिलेल्या लिंकवरून आलेले व्ह्यूजही यूट्यूब सजेस्टेडमध्येच मोजतं. म्हणजे ३४ साईजच्या व्हिडिओखाली ३६ ची लिंक दिली, तर ३६ च्या व्हिडिओत ती ओळ सजेस्टेडमध्ये दिसेल. शेवटच्या स्क्रीनवरच्या चौकोनातून आलेले मात्र End screens मध्ये, प्लेलिस्टमधून आलेले Playlists मध्ये, आणि चॅनलच्या पानावरून आलेले Channel pages मध्ये. आपल्याच चॅनलमधून आपल्याच व्हिडिओवर किती बायका आल्या हे काढायचं तर या चार ठिकाणचे आकडे मिळवावे लागतात. एकटं End screens बघून ‘शेवटच्या स्क्रीनचा काही उपयोग नाही’ म्हणणं घाईचं आहे.

दुसऱ्या गटात मोठ्या चॅनलचा एखादा व्हिडिओ वारंवार दिसू लागला, तर तो उघडून पूर्ण पाहते. त्यात काय अर्धवट राहिलं आहे, खाली बायका काय विचारतात, ते कळतं. समजा त्या व्हिडिओत कटिंग आहे पण शिलाई नाही, आणि त्याच्या शेजारून येणाऱ्या बायका माझ्याकडे शिलाईच्या भागापर्यंत टिकतात, तर पुढचा विषय मिळाला.

तिसरा गट कधीकधी मालिकेच्या क्लिपचा किंवा गाण्यांचा असतो. तिथून येणारे व्ह्यूज पटकन वाढतात आणि सरासरी वेळ खाली ओढतात. त्यासाठी काही करायचं नाही, फक्त त्या आठवड्याची सरासरी वाचताना हा गट वगळून वाचायचा.

५. एक्स्टर्नलमध्ये व्हॉट्सअॅप आणि गूगल एकत्र असतात, ते वेगळे करा

External म्हणजे यूट्यूबबाहेरून आलेले. आत क्लिक केलं की व्हॉट्सअॅप, फेसबुक, गूगल सर्च, एखादी वेबसाइट अशी नावं येतात. या एका ओळीत दोन अगदी वेगळ्या वृत्तीची माणसं बसलेली असतात. महिला बचत गटाच्या ग्रुपवर कोणी लिंक टाकली, की बऱ्याच जणी उघडतात, काय आहे ते बघतात आणि परत गप्पांकडे जातात. वरच्या उदाहरणातलं एक मिनिट वीस सेकंद त्यांचंच. गूगलवर ‘कटोरी ब्लाउज कसा कापायचा’ लिहून आलेली बाई मात्र सर्चसारखीच टिकते. तिची ओळ वेगळी काढून बघा, सरासरी वेळ लगेच चढलेली दिसेल.

इथे हिशोबात एक अडचण येते, ती आधीच माहीत असलेली बरी. थंबनेल किती वेळा दाखवलं हे यूट्यूब फक्त स्वतःच्या पानांवर मोजतं, आणि तेही ते किमान एक सेकंद, निदान अर्धं तरी दिसलं तरच. व्हॉट्सअॅपवरच्या लिंकबरोबर दिसणारं चित्र त्यात नाही, शेवटच्या स्क्रीनवरचा चौकोन नाही, सूचनेतलं चित्र नाही. म्हणून दाखवलेल्या थंबनेलांना सीटीआरने गुणलं तर एकूण व्ह्यूज कधीच जुळत नाहीत. आकडा कमी येतो, आणि त्यात काही बिघाड नसतो.

व्हॉट्सअॅपचे सगळे व्ह्यूज व्हॉट्सअॅपच्या नावावर पडतातच असंही नाही. लिंक कुठून उघडली हे यूट्यूबला कळलं नाही की ते Direct or unknown मध्ये जातात. तिथेच पत्ता टाइप करून किंवा जतन केलेल्या लिंकवरून आलेलेही असतात. ग्रुपवर लिंक टाकलेल्या संध्याकाळी ही ओळ फुगली, तर कारण उघड असतं. एरवी तिचा अर्थ लावत बसू नये.

पैसे देऊन व्हिडिओ पुढे ढकलला असेल, तर YouTube advertising अशी वेगळी ओळ येते. त्या जाहिरातीतून मिळालेले तास वर सांगितलेल्या ४,००० मध्ये धरले जात नाहीत. शॉर्ट्स फीडचेही नाहीत.

६. कधी बघायचं

व्हिडिओ टाकल्यावर पहिल्या काही तासांत मी वाटा बघत नाही. स्टुडिओतला ताजा आकडा व्ह्यूजचा असतो, वाटेचा तपशील भरून यायला एक-दोन दिवस लागतात. शंभरच्या आतल्या व्ह्यूजवर टक्केवारी इतकी हलते की तिच्यावर काही ठरवता येत नाही.

आठवडा झाला की पहिल्यांदा बघते, तेव्हा प्रश्न एकच: होमवर नव्या लोकांपुढे गेला का, की सबस्क्रायबरपाशीच थांबला. महिना झाला की सर्चची यादी उघडते, शब्द आणि वेळ दोन्ही लावून. त्यानंतर जुन्या व्हिडिओंपैकी फक्त सर्चचे तास जास्त असलेले वेगळे काढते आणि दिवाळीच्या दीड-दोन महिने आधी पुन्हा बघते. शीर्षकात साईज आहे का, वर्णनातली लिंक चालू आहे का, फळ्यावरचं माप पहिल्या अर्ध्या मिनिटात दिसतं का. नसेल तर वर्णनाच्या पहिल्या ओळीत ते माप लिहिते, आणि त्या मापाशिवाय बाकी कोणत्या साईज शोधल्या गेल्या होत्या त्याची यादी वहीत उतरवते. पुढच्या चित्रीकरणाला कापड त्याच मापांचं आणते.